ओठांच्या वर साचलेला फिलर विरघळवताना

मी ३२ वर्षांची आहे, बाणेरला राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. गेल्या अडीच वर्षांत मी तीन वेळा ओठांत फिलर भरून घेतला. पहिल्या दोन वेळा एका क्लिनिकमध्ये, तिसऱ्यांदा सवलत मिळाली म्हणून एका सलूनमध्ये. आता वरच्या ओठाच्या वर, मिशीच्या जागी, एक फुगीर पट्टा दिसतो आणि हसले की तो जास्तच उठून दिसतो. क्लिनिकमध्ये विचारले तर ते म्हणाले, फिलर सहा-आठ महिन्यांत निघून जातो, त्यामुळे हा फिलर नसणार. कडेला आणखी अर्धी सिरिंज भरली की आकार नीट दिसेल. मैत्रीण म्हणते, विरघळवण्याचे इंजेक्शन घेऊन टाक. पण त्याने आपले मूळचे ओठ आणि कातडीही खराब होते असे मी ऐकले आहे. दोन महिन्यांनी धाकट्या बहिणीचे लग्न आहे. मी काय करावे?
– एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

आणखी अर्धी सिरिंज भरून घेऊ नका. तुमच्या पत्रातली ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल तुम्हाला प्रत्यक्ष न तपासताही मी ठामपणे सांगू शकते. ओठाची कडा पुसट होऊन तिच्या वर पट्टा आलेला असताना कडेला पुन्हा जेल भरले, तर काही दिवस कडा उठावदार भासते. पण ते जेलही त्याच मार्गाने वर सरकते आणि पट्टा अधिक जाड होतो. पुढच्या खेपेला मग पुन्हा कडा पुसट वाटते आणि पुन्हा भरण्याचा सल्ला मिळतो. जास्त भरलेले ओठ एका दिवसात झालेले क्वचितच असतात; बहुतेक वेळा ते अशा लहान लहान दुरुस्त्यांतूनच घडत जातात.

आता सहा-आठ महिन्यांच्या मुदतीविषयी. ओठांत भरला जाणारा फिलर बहुधा हायल्युरॉनिक ॲसिडचा असतो. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो, पण तिथे तो फार अल्पजीवी आहे. शरीर तो सतत मोडते आणि सतत नव्याने तयार करते, आणि त्वचेतल्या एखाद्या रेणूचे आयुष्य साधारण दिवसा-दोन दिवसांचेच असते. नुसते हायल्युरॉनिक ॲसिड टोचले असते तर ते आठवडाभरही टिकले नसते. म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक दुव्यांनी जोडतात आणि त्याचे घट्ट जेल बनवतात. हे दुवे जितके जास्त आणि जितके पक्के, तितके ते जेल शरीरातल्या विघटनाला जास्त काळ दाद देत नाही. सहा-आठ महिने किंवा वर्ष ही जी मुदत सांगितली जाते, ती भरल्याचा दृश्य परिणाम ओसरण्याची मुदत आहे. त्या तारखेला ऊतींत जेल शिल्लक नसते, असा तिचा अर्थ नाही. गालांच्या आणि डोळ्यांखालच्या भागाच्या एमआरआय तपासण्यांत कित्येक वर्षांपूर्वी भरलेला फिलर जागेवर असल्याचे दिसून आले आहे. ओठ सतत हलत असल्यामुळे तिथे तो लवकर कमी होतो हे खरे, परंतु लवकर कमी होणे म्हणजे ठरलेल्या महिन्यात संपणे नव्हे. तुमच्या बाबतीत दुसरी भरणी पहिलीच्या अवशेषावर आणि तिसरी त्या दोन्हींच्या अवशेषावर झाली असण्याची शक्यता मोठी आहे. एक सिरिंज बहुधा एक मिलीची असते. तीन सिरिंजा म्हणजे तीन मिली, म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहून अधिक जेल. आणि ते दोन ओठांच्या एवढ्याशा जागेत सामावायचे असते.

सामावायचे असते, पण सामावत नाही, आणि अडचण इथूनच सुरू होते. ओठाचा लाल भाग, त्याची किंचित उंचावलेली कडा आणि तिच्या वरची नाकापर्यंतची त्वचा, या तिन्हींच्या खाली तोंडाभोवतीचा वर्तुळाकार स्नायू असतो. फिलर लाल भागात, स्नायूच्या वरच्या मऊ थरात, थोडा थोडा सोडायचा असतो. त्या थराची धारणक्षमता मर्यादित आहे. ती भरली की पुढचे जेल दाबामुळे जिथे वाट सापडेल तिथे जाते, आणि वरच्या ओठात सर्वांत सोपी वाट कडेपलीकडे, वरच्या त्वचेखालच्या सैल जागेत असते. कडा ठसठशीत दिसावी म्हणून सुई कडेच्या रेषेतच चालवली, किंवा कडेच्या वरून टोचून खाली आणली, तर सुईने पाडलेल्या मार्गातूनही जेल मागे वर झिरपते. जेल स्नायूत सोडले गेले असेल तर बोलताना, पेल्याने पाणी पिताना, हसताना तो स्नायू आकुंचन पावतो आणि जेल कमी दाबाच्या बाजूला ढकलतो. शिवाय हायल्युरॉनिक ॲसिड पाणी ओढून धरते, त्यामुळे भरल्यानंतरच्या दिवसांत त्याचा फुगवटा भरताना दिसला त्यापेक्षा थोडा वाढतो. टेबलावर अगदी हवा तितका आकार येईपर्यंत भरत राहणारा हात म्हणूनच नेहमी थोडे जास्त भरतो.

लोक म्हणतात, फिलर सरकला. माझे मत असे आहे की वरच्या ओठावरच्या अशा पट्ट्यांपैकी पुष्कळ पट्टे महिनोन्महिने प्रवास करून आलेले नसतात. जेल त्याच दिवशी चुकीच्या जागी पडलेले किंवा दाबाने तिथे गेलेले असते. सूज उतरेपर्यंत आणि पुढच्या भरणीने त्याची जाडी वाढेपर्यंत ते फक्त लक्षात येत नाही. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे, कारण प्रश्न सरकण्याचा मानला तर पुढच्या वेळी न सरकणारे जेल शोधले जाते. प्रश्न जागेचा आणि प्रमाणाचा मानला तर पुढच्या वेळी कमी भरले जाते आणि वेगळ्या थरात भरले जाते.

तुमचा पट्टा फिलरचाच आहे का, याचा अंदाज तुम्हालाही बऱ्यापैकी घेता येईल. खिडकीपाशी, एका बाजूने उजेड येईल असे उभे राहून कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा आणि फिलर भरण्याआधीचा तसाच एखादा फोटो शेजारी ठेवा. नाकापासून ओठाच्या कडेपर्यंतची रेषा मूळात थोडी आत वळलेली असते. ती सपाट झाली असेल किंवा कडेच्या लगेच वर बाहेर आली असेल आणि तिच्याखाली कडेची स्वतःची उंचावलेली रेघ हरवली असेल, तर ते साचलेल्या जेलचे चित्र आहे. अंगठा ओठाच्या आत आणि तर्जनी बाहेर ठेवून हलकेच चाचपल्यास मऊ, किंचित लवचीक, आडवी वळी हाताला लागते. मात्र जुना फोटोही तसाच दिसत असेल, वरचे दात पुढे असल्यामुळे ओठ मुळातच पुढे आलेला असेल, तर विरघळवून काही साध्य होणार नाही. आणि तो भाग लाल, गरम, दुखरा असेल, किंवा सर्दी-तापानंतर, दातांच्या उपचारानंतर अचानक गाठ आली असेल, तर तो साधा पट्टा नाही. तिथे आधी जंतुसंसर्ग आणि दाह यांचा विचार करावा लागतो. संसर्ग झालेल्या जागी विरघळवणारे औषध थेट टोचले तर संसर्ग पसरू शकतो, म्हणून अशा वेळी प्रतिजैविके आधी येतात. ओठावर नागीण उठलेली असली तरी ती बरी होईपर्यंत थांबावे.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत चिंताजनक वाटले ते सलूनमधले तिसरे इंजेक्शन. विरघळवणारे औषध फक्त हायल्युरॉनिक ॲसिडलाच मोडते. कॅल्शियमचे कण असलेला फिलर, प्लास्टिकचे सूक्ष्म मणी असलेला कायमचा फिलर, द्रव सिलिकॉन किंवा स्वतःची चरबी, यांपैकी काही भरले गेले असेल तर या औषधाचा त्यावर उपयोग होत नाही. प्रत्येक सिरिंजच्या खोक्यात उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णाच्या कागदांवर लावायची असते. पहिल्या दोन भरण्यांच्या नोंदी क्लिनिककडून लेखी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. सलूनकडेही मागा, खोक्याचा फोटो मोबाइलवर असेल तर तोही चालेल. काहीच मिळाले नाही, तर त्वचेसाठी वापरतात त्या उच्च वारंवारतेच्या सोनोग्राफीची मदत घेता येते. हायल्युरॉनिक ॲसिडचे साठे तिच्यात बहुधा काळसर कप्प्यांसारखे दिसतात, तर सिलिकॉन किंवा कॅल्शियम यांची प्रतिमा निराळी येते. शिवाय साठा कडेच्या वर, त्वचेखाली आहे की स्नायूत आहे हेही कळते, आणि मग औषध नेमके तिथे देता येते. ही तपासणी नेहमीच्या सोनोग्राफीसारखी सगळीकडे होत नाही. ती चेहऱ्याच्या त्वचेसाठी करण्याचा अनुभव आहे का, हे आधी फोनवर विचारून मगच जा.

आता त्या औषधाविषयी, कारण तुमची भीती त्याच्याशी निगडित आहे. त्याचे नाव हायल्युरोनिडेज. ते एक विकर आहे आणि हायल्युरॉनिक ॲसिडच्या साखळ्यांचे तुकडे करणे हे त्याचे काम आहे. सौंदर्योपचारांसाठी ते शोधलेले नाही. ऊतींत टोचलेले द्रव्य दूरवर पसरवणारा घटक म्हणून शास्त्रज्ञांना ते १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहे, आणि डोळ्यांचे डॉक्टर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी भूल चांगली पसरावी म्हणून भुलेच्या औषधात ते अनेक दशके मिसळत आले आहेत. तुमच्या घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांना ते कदाचित याच कारणाने मिळालेही असेल. फिलर विरघळवण्यासाठीचा वापर हा मूळ मान्यतेच्या बाहेरचा, पण जगभर रुळलेला वापर आहे, आणि डॉक्टरांनी हे तुम्हाला सांगूनच लेखी संमती घेतली पाहिजे. हे औषध बहुधा मेंढ्याच्या किंवा गोवंशातल्या प्राण्याच्या वृषणापासून काढलेले असते. आपल्याकडे अनेक कुटुंबांत ही बाब महत्त्वाची असते, तरीही ती क्वचितच सांगितली जाते; तुम्हाला ती महत्त्वाची असेल तर कुपीवरचा स्रोत आधी विचारून घ्या.

या विकराला तुमचे आणि सिरिंजमधले हायल्युरॉनिक ॲसिड यांत फरक करता येत नाही, हे खरे आहे. किंबहुना तुमचे स्वतःचे, दुवे नसलेले असल्यामुळे, जेलपेक्षा लवकर मोडते. परंतु ते शरीर रोजच्या रोज नव्याने बनवत असते, आणि विकराचा प्रभाव त्या जागी एक-दोन दिवसांत संपल्यावर ते पुन्हा भरून येते. त्वचेला ताकद देणारे कोलॅजन हा वेगळा पदार्थ आहे आणि हे विकर त्याला तोडत नाही. मग ओठ सुरकुतलेले, रिकामे, सैल झाले अशा तक्रारी का ऐकू येतात? माझ्या अनुभवात त्याची कारणे बहुधा दोन असतात. अडीच वर्षे आतून ताणून धरलेली त्वचा ताण अचानक गेल्यावर काही आठवडे सैल दिसते. आणि भरलेल्या ओठांची डोळ्यांना इतकी सवय झालेली असते की मूळचे ओठ आरशात अनोळखी वाटतात. म्हणून विरघळवण्याआधी, फिलर पूर्वीचे तुमचे फोटो पुन्हा एकदा शांतपणे पाहा. तुम्ही त्या ओठांकडे परत जाणार आहात, आणि ते तुम्हाला मान्य आहे का हे आधी ठरवायला हवे. गरजेपेक्षा फार मोठ्या मात्रा वारंवार देणे मात्र मी टाळते.

खरा धोका ॲलर्जीचा आहे. तो कमी जणांना होतो, पण होतो तेव्हा गंभीर असू शकतो. मधमाशीच्या आणि गांधीलमाशीच्या विषातही हायल्युरोनिडेज असते. त्यामुळे माशी चावल्यावर तुम्हाला कधी अंगभर गांधी उठल्या असतील, चेहरा सुजला असेल किंवा श्वास लागला असेल, तर हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा, कारण अशा व्यक्तींना तातडीचे कारण नसताना हे औषध देऊ नये. गरोदर असाल किंवा शक्यता असेल, तरीही हा बेत पुढे ढकलावा. पट्ट्याचे काम थांबू शकते. यापैकी काही नसेल, तर आधी हाताच्या आतल्या बाजूला त्वचेत औषधाचा अगदी छोटा थेंब टोचून अर्धा तास थांबतात. नुसती लाली आली तर ती ॲलर्जी नव्हे. काही मिनिटांत खाजणारी, उंचावलेली, कडा पसरत जाणारी गांधी आली आणि टिकून राहिली, तर चाचणी होकारार्थी मानून औषध देत नाहीत. चाचणीच्या आधीच्या काही दिवसांत सर्दी-पित्ताच्या ॲलर्जीविरोधी गोळ्या घेतल्या असतील तर निकाल खोटा निर्धोक येऊ शकतो, तेव्हा तेही सांगा. आणि चाचणी निर्धोक आली तरी ॲड्रिनॅलिन, प्राणवायू आणि ते वापरता येणारा डॉक्टर खोलीत असलाच पाहिजे. सलूनमध्ये हे इंजेक्शन कुणी कितीही स्वस्तात देऊ केले तरी तिथे ते घेऊ नये, याचे माझ्या दृष्टीने हेच पुरेसे कारण आहे.

तुमच्यासारख्या पट्ट्यासाठी प्रत्यक्ष काय केले जाते, ते एका उदाहरणाने सांगते. औषध पांढऱ्या भुकटीच्या रूपात कुपीत येते; समजा कुपी १५०० युनिटची आहे. तिच्यात १० मिली निर्जंतुक सलाईन घातले की एका मिलीत १५० युनिट होतात, म्हणजे बारीक सिरिंजच्या ०.१ मिलीत १५ युनिट. पट्टा वरच्या ओठाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत असेल, तर तुम्हाला बसवून, हसवून, पेन्सिलीने त्याची सीमा आखतात, कारण आडवे झाल्यावर तो दिसेनासा होतो. मग त्या सीमेच्या आत पाच-सहा ठिकाणी बारीक सुईने थेट साठ्यात ०.१ मिली सोडायचे. सहा ठिकाणी मिळून हे ९० युनिट झाले, आणि पहिल्या बैठकीसाठी, लाल भागाला शक्यतो हात न लावता, एवढी सुरुवात मला योग्य वाटते. औषध जिथे जेल आहे तिथेच पोचले पाहिजे. शेजारच्या थरात सोडले तर पट्टा तसाच राहतो आणि औषध चालले नाही असा गैरसमज होतो. टोचताना चांगलीच जळजळ होते. त्यानंतर डॉक्टर तो भाग काही मिनिटे घट्ट चोळतात, आणि अनेकदा वळी बोटांखालीच मऊ होत जाते. किती युनिट लागतील हे मात्र कोष्टकातून काढता येत नाही. काही कंपन्यांची जेल थोड्या औषधात विरघळतात, काही अधिक घट्ट दुव्यांची जेल त्याच मात्रेला दाद देत नाहीत, आणि तुमच्या ओठात तर दोन-तीन प्रकारची जेल एकमेकांवर असू शकतात. म्हणूनच एकदम मोठी मात्रा देण्यापेक्षा थोडी देऊन थांबणे शहाणपणाचे.

इंजेक्शननंतर निदान अर्धा-पाऊण तास क्लिनिकमध्येच बसा. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजतील, कदाचित आधीपेक्षाही मोठे दिसतील, थोडे निळे-जांभळे डाग पडतील. याने घाबरू नका आणि आरशात पाहून निकालही लावू नका. फक्त टोचलेल्या जागेची सूज ही अपेक्षित आहे. अंगावर इतरत्र गांधी उठणे, पापण्या किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, चक्कर येणे, ही ॲलर्जीची लक्षणे आहेत. त्यात क्लिनिकला फोन करत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. काहींना खाजरी, लाल सूज दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा येते; ती सहसा जीवघेणी नसते, पण डॉक्टरांना दाखवावी लागते.

जेलचे विघटन पहिल्या काही तासांत सुरू होते आणि दोन दिवसांत बरेचसे होऊन जाते, पण सूज पूर्ण उतरून खरे चित्र दिसायला दोन आठवडे लागतात. तेव्हा पुन्हा बाजूने फोटो काढायचा. पट्टा उरला असेल तर उरलेल्या जागीच दुसरी लहान मात्रा देता येते. इथे या उपचाराची एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. हे औषध मुळात पसरणारे आहे, त्यामुळे आखलेल्या रेषेवर ते थांबत नाही. वरचा पट्टा काढताना लाल भागातला थोडा फिलर जाणे जवळजवळ ठरलेले आहे, आणि एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असेही होऊ शकते. फक्त वरचेच काढा, खालचे तसेच ठेवा, असे वचन जे डॉक्टर देतात त्यांच्याकडून ते घेऊ नका. दुसऱ्या बैठकीनंतरही ओठ ओबडधोबड दिसत असतील, तर वरच्या ओठातला सगळाच फिलर काढून टाकून मूळ आकारापर्यंत येणे मला अधिक बरे वाटते. अर्धवट उरलेल्या जेलवर पुढचे काम नीट बसत नाही. आणि दोन्ही वेळा योग्य जागी देऊनही वळी अजिबात कमी झाली नाही, तर सलूनमध्ये भरले गेलेले द्रव्य दुसरेच होते असा संशय धरून सोनोग्राफीकडे वळायचे, मात्रा वाढवत बसायचे नाही.

लग्नाच्या दृष्टीने दोन महिने पुरेसे आहेत, पण लांबणीवर टाकण्याइतके नाहीत. पहिला आठवडा नोंदी मिळवणे, तपासणी आणि ॲलर्जी चाचणी यांत जाईल. दुसऱ्या आठवड्यात पहिली बैठक झाली तर चौथ्या आठवड्यात निकाल दिसेल, गरज पडल्यास तेव्हाच दुसरी बैठक, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ओठ स्थिरावलेले असतील. शेवटचे दोन आठवडे मोकळे ठेवा. लग्नाच्या आधल्या आठवड्यात विरघळवण्याची किंवा भरण्याची कोणतीही सुई लावून घेऊ नका. डाग आणि सूज हळदीच्या फोटोंत उतरतील. सुरुवात लांबली, तर पट्ट्यासह लग्नाला जा आणि उपचार नंतर घ्या. त्याने वैद्यकीयदृष्ट्या काहीही बिघडत नाही.

हे सगळे सावकाशीचे वेळापत्रक फक्त अशा जुन्या, न दुखणाऱ्या पट्ट्यासाठी आहे. फिलर भरताना किंवा त्यानंतरच्या काही तासांत त्वचा पांढरी पडली, जाळीदार निळसर डाग उमटले, वेदना वाढत गेली, तर जेल रक्तवाहिनीत गेले असू शकते. तिथे हेच औषध कित्येक पटींनी मोठ्या मात्रेत, पुन्हा पुन्हा, लगेच द्यावे लागते आणि त्वचेवरच्या चाचणीसाठी वेळ घालवत नाहीत. पुढे कधी फिलर घेतलाच, तर त्या जागी हायल्युरोनिडेज तयार ठेवलेले आहे का, हे आत जाण्यापूर्वी विचारा.

डॉक्टर निवडताना त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन निवडा आणि त्यांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. पहिल्या भेटीत त्यांना तीन गोष्टी विचारा: आजवर किती जणांचा फिलर त्यांनी विरघळवला, औषधाची कोणती कुपी वापरतात, आणि तिची मुदत व साठवण कशी आहे. बऱ्याच कुप्या थंडाव्यात ठेवाव्या लागतात, आणि एकदा पाणी घालून मिसळलेले औषध उरले म्हणून दुसऱ्या दिवशी वापरू नये. कुपी तुमच्यासमोर उघडून मिसळायला सांगण्यात संकोच बाळगू नका.

विरघळवल्यानंतर पुन्हा फिलर घ्यावासा वाटला, तर किमान दोन आठवडे आणि माझ्या मते चार आठवडे जाऊ द्या, म्हणजे औषधाचा अंश नव्या जेलला मोडणार नाही आणि सूज उतरून मूळ ओठ नीट दिसतील. तेव्हा अर्ध्या मिलीहून अधिक एका वेळी घेऊ नका, तेही लाल भागातच. कडेच्या रेषेत भरू नये असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि पुढची भरणी महिने मोजून न ठरवता, फोटोंची तुलना करून आणि बोटांनी चाचपून, आधीचे खरोखर ओसरले आहे असे दिसल्यावरच ठरवा.